खरा परतावा काढताना या चुका टाळा: कर आधी, महागाई नंतर

ठेवीवर सात टक्के मिळतात, महागाई साडेपाच टक्के आहे, म्हणजे दीड टक्का सुटला. त्यावर तीस टक्के कर गेला तरी एक टक्का हातात राहतोच की! हा हिशोब मला इतक्या जणांनी इतक्या आत्मविश्वासाने ऐकवला आहे की आता पहिलं वाक्य कानावर पडलं की शेवट कळतो. यात प्रत्येक आकडा बरोबर आहे, फक्त क्रम उलटा आहे.

कर आकारणारा महागाईकडे बघत नाही. ठेवीच्या व्याजावर सहसा जो कर लागतो तो पूर्ण व्याजावर लागतो, महागाई वजा करून उरलेल्या तुकड्यावर नाही. 1,00,000 रुपये एक वर्ष ठेवले आणि 7,000 रुपये व्याज आलं. तीस टक्क्यांनी कर 2,100. हातात आले 1,04,900. वर्षापूर्वी लाखात जे येत होतं त्याला आता 1,05,500 लागतात. म्हणजे तुम्ही 600 रुपयांनी मागे आहात. आजच्या 1,04,900 ला 1.055 ने भागलं की 99,431 येतात. खरा परतावा उणे अर्धा टक्का. उलट्या क्रमाने तोच अधिक एक टक्का दिसत होता.

ठेव घेण्याआधी मी एकच भागाकार करतो. महागाईचा दर घ्यायचा आणि करातून उरणाऱ्या हिश्श्याने भागायचं. तीस टक्के कर असेल तर 5.5 ला 0.70 ने भागा, 7.86 येतात. एवढा व्याजदर मिळाला तर पैसा जागच्या जागी राहतो, त्याखाली झिजतो. ज्याला कर लागतच नाही त्याला साडेपाच टक्केही पुरतात. म्हणून शेजाऱ्याला परवडलेली ठेव तुम्हाला परवडेलच असं नाही.

दुसरी चूक जास्त चलाख माणसं करतात. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ पाच वर्षांच्या ठेवीचा कागद घेऊन आले. त्यावर ठळक अक्षरांत ‘वार्षिक उत्पन्न 8.3 टक्के’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘व्याजदर 7 टक्के, तिमाही चक्रवाढ’. काका खुशीत होते. म्हणाले, “तुझं ते कर-महागाईचं रडगाणं पुरे. महागाई तीन टक्क्यांवर आली आहे. सगळं जाऊन मला अकरा टक्के उरले.” सोबत वहीत मांडलेला हिशोबही होता. मुद्दल लाख, मुदतीनंतर 1,41,478. कर मुदत संपल्यावर एकरकमी धरून 12,443, हाती 1,29,035. ही बेरीज-वजाबाकी चोख. मग तीन टक्क्यांनी पाच वर्षांची महागाई काढली आणि एक लाख अकरा हजारांवर हिशोब संपवला.

आधी ते 8.3 बघू. पाच वर्षांचं एकूण व्याज 41,478 ला नुसतं पाचाने भागून ते आलं आहे. व्याजावरचं व्याज मुख्यतः शेवटच्या वर्षांत मिळतं, पण कागदावर ते सगळ्या वर्षांत सारखं वाटून टाकलं. तिमाही चक्रवाढ धरून वर्षाचा प्रत्यक्ष दर 7.19 टक्केच होतो. मुदत जितकी लांब तितका हा भागाकार जास्त फुगतो, म्हणूनच जाहिरातीच्या कागदावर तो आवडीने छापतात. काकांचं नशीब एवढंच की त्यांनी हिशोब रकमेवरून केला होता, त्या टक्क्यावरून नाही.

खरा घोटाळा त्या तीन टक्क्यांत होता. बातमीत येणारा महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना. तो खाली आला म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढीचा वेग मंदावला. आधीच्या चार वर्षांत चढलेले भाव तसेच वर बसलेले असतात. पाच वर्षांच्या ठेवीला गेल्या बारा महिन्यांची महागाई लावायची म्हणजे शेवटच्या तासाचा वेग पाहून अख्ख्या प्रवासाचं अंतर सांगण्यासारखं आहे.

आम्ही ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे भाव किती चढले ते दाखवणारा आकडा, शोधून काढला. ठेव ठेवली त्या महिन्यात 160, संपली त्या महिन्यात 209.1. बाकी काही लागत नाही.

```
1,29,035 × 160 / 209.1 = 98,736
```

ठेवलेला लाख पाच वर्षांनी जुन्या भावाच्या 98,736 रुपयांएवढा झाला होता. काका बराच वेळ वही उलटसुलट करत राहिले. मग विचारलं, “आणि कर दर वर्षी भरावा लागला असता तर?” प्रश्न बरोबर होता. जिथे जमलेल्या व्याजावर दर वर्षी कर भरावा लागतो आणि तो या पैशातूनच जातो, तिथे चक्रवाढीला पुढे धावायला रक्कमच कमी उरते. याच ठेवीत हाती सुमारे 1,27,800 राहिले असते आणि तोटा आणखी हजारभराने वाढला असता.

तेव्हापासून टक्के वजा करणं मी पूर्ण सोडलं आहे. रक्कम घ्यायची, कर वजा करायचा, सुरुवातीचा निर्देशांक भागिले शेवटचा निर्देशांक याने गुणायचं. टक्का पाहिजेच असेल तर शेवटी काढायचा. ‘साधारण वजाबाकी चालते’ म्हणणारे एका वर्षापुरते बरोबर असतात, दहा वर्षांच्या हिशोबात तीच माणसं हजारोंनी चुकतात. एक खबरदारी मात्र घ्या. निर्देशांकाचं आधारवर्ष बदललं की मालिका पुन्हा शंभराच्या आसपास सुरू होते. जुन्या मालिकेतला आकडा आणि नव्या मालिकेतला आकडा थेट भागले तर भाव निम्म्यावर आल्यासारखे दिसतील. दोन्ही मालिकांना जोडणारा गुणक शोधून लावा.

फंडात दर महिन्याला हप्ता भरणारे उलटीकडून चुकतात. पाच हजारांचे बारा हप्ते, 60,000 भरले, वर्षअखेर 62,400 झाले, म्हणजे चार टक्के, आणि त्यातून साडेपाच टक्के महागाई वजा, म्हणजे तोटा! पण शेवटचा हप्ता एकच महिना गुंतला होता, त्याला वर्षाची महागाई कशी लागेल? स्प्रेडशीटमध्ये तारखा आणि रकमा मांडून `XIRR` हे सूत्र लावलं की करापूर्वीचा दर साडेसात टक्क्यांच्या आसपास निघतो. हप्ते उणे चिन्हाने, आजची किंमत अधिक चिन्हाने आणि आजच्याच तारखेला. चिन्हं विसरून ‘उत्तरच येत नाही’ म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. नेमका हिशोब हवा असेल तर प्रत्येक हप्त्याला त्या महिन्याच्या निर्देशांकावरून आजच्या भावात आणा, शेवटची किंमत संभाव्य कर वजा करून लिहा आणि मग `XIRR` लावा. येईल तो थेट खरा परतावा.

फंडाचं व्यवस्थापन शुल्क पुन्हा वजा करू नका, ते युनिटच्या भावातून आधीच गेलेलं असतं. विक्रीच्या वेळचं शुल्क असेल तर ते मात्र वेगळं धरा.

व्याजातून आधीच कापलेला कर हा तुमचा पूर्ण कर असेलच असं नाही. तुमच्या उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या टप्प्याला जो दर लागतो तो धरा.

उत्तर उणे आलं म्हणून ठेव लगेच मोडायला धावू नका. मुदतीआधी मोडल्यावर दर किती कमी धरतात ते विचारा आणि नव्या पर्यायाचाही कर वजा करून याच पद्धतीने हिशोब मांडा. पुष्कळदा उणे अर्ध्या टक्क्यातून निघालेला माणूस दंड भरून उणे एक टक्क्यात जाऊन बसतो.