आयेल्ट्स स्पीकिंगची तयारी: विराम किती नाही, कुठे पडतो ते बघा

सरावाला बसण्याआधी मोबाइलचा रेकॉर्डर, सेकंद दाखवणारं घड्याळ, पेन्सिल, कोरा कागद आणि ऐकायला घरातलं कुणीतरी, एवढं जमवा. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये बारीक थांबे ऐकू येत नाहीत. ऐकणाऱ्याचं इंग्रजी फार चांगलं नसलं तरी अडत नाही. बोलणारा कुठे थांबला हे कानाला कळतं, आणि ते मराठीत सांगितलं तर नेमकं सांगता येतं. इंग्रजीत अभिप्राय द्यायला गेलं की बहुतेकांची गाडी ‘गुड, बट इम्प्रूव्ह फ्लुएन्सी’वर येऊन थांबते, आणि त्यातून करायचं काय हे कळत नाही.

मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते. सरावाला सगळ्यात उपयोगी तिचा दुसरा भाग, म्हणजे कार्डावर दिलेल्या विषयावर बोलणं. तयारीला 1 मिनिट, मग 1 ते 2 मिनिटं सलग बोलायचं. त्या मिनिटात कागदावर आठ-दहा शब्द लिहा, पण इंग्रजीतच. मराठीत टिपलं की प्रत्येक शब्द बोलताना भाषांतरित करावा लागतो आणि तिथेच अडखळायला होतं. बोलणं चालू असताना ऐकणाऱ्याने मध्ये एक अक्षरही बोलायचं नाही. चूक कळली तरी गप्प राहायचं.

समजा कार्ड आहे, ‘तुमच्या शहरातली निवांत वाटणारी एक जागा’, आणि नाशिकरोडच्या एका मुलाने पांडवलेणी निवडली. त्याचं बोलणं असं झालं: ‘पीपल… मॉर्निंग टाइम… कम फॉर वॉकिंग. द केव्हज आर… आर… व्हेरी ओल्ड. आय लाइक इट बिकॉज… इट इज क्वाएट.’ रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकणाऱ्याने ही वाक्यं कागदावर उतरवायची आणि साधारण सेकंदभराहून मोठा प्रत्येक थांबा तिरक्या रेघेने दाखवायचा. सगळी दोन मिनिटं उतरवत बसू नका, मधली 30 सेकंदं पुरतात.

मग प्रत्येक रेघेपाशी एकच प्रश्न विचारायचा. बहीण विचारेल, ‘दादा, इथे काय शोधत होतास, शब्द की मुद्दा?’ परीक्षकही हाच फरक करतात. काय सांगावं याचा विचार करायला थांबणं वरच्या बँडमध्येही चालतं. शब्द किंवा वाक्यरचना शोधायला सारखं थांबावं लागलं तर मात्र बँड खाली येतो.

‘पीपल’नंतरच्या थांब्याचं कारण मराठीत आहे. ‘लोक सकाळी फिरायला येतात’ यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीला ते कर्त्यानंतर लगेच हवं असतं. म्हणून सूचना अशी द्यायची: ‘पीपल म्हटलंस की लगेच कम म्हण, वेळ नंतर सांग.’ ‘पीपल कम हिअर फॉर अ वॉक इन द मॉर्निंग.’ असली पाच-सहा वाक्यं कर्ता आणि क्रियापद एका दमात म्हणून घोटली की हा थांबा बराच कमी होतो.

‘आर… आर…’ची गोष्ट वेगळी. त्याला ‘कातळात कोरलेली’ म्हणायचं होतं, शब्द सापडला नाही आणि त्याने मुद्दाच सोडला. तो शब्द पाठ करून फारसं साधत नाही, पुढच्या कार्डावर दुसराच अडेल. ‘दे आर कट आउट ऑफ द हिल’ असं साध्या शब्दांत वळसा घालून सांगायची सवय लावा.

तिसरा थांबा मुद्द्याचा आहे, त्यामुळे तो माफ. फक्त जागा चुकली. मराठीत आपण ‘कारण…’ म्हणून रेंगाळतो, ‘मला वाटतं की…’ म्हणून श्वास घेतो. इंग्रजीत श्वास ‘बिकॉज’च्या आधी घ्यायचा आणि ‘बिकॉज इट इज क्वाएट’ एका दमात म्हणायचं. तेवढाच वेळ थांबूनही ऐकणाऱ्याला ते अडखळणं वाटत नाही.

हे सांगून झालं की तेच कार्ड लगेच पुन्हा बोला, यावेळी दीड मिनिटात. मुद्दे तेच असल्याने लक्ष फक्त वाक्याच्या बांधणीवर राहतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून रेघा कुठून कुठे सरकल्या ते पाहा. एका बैठकीत एकाच प्रकारच्या थांब्यावर काम करा. तिन्ही एकदम धरले की मुलं बोलायलाच घाबरतात.

दोन चकवे ओळखून ठेवा. एक म्हणजे वेग. रेघा कमी व्हाव्यात म्हणून भरभर बोललं की शब्दांचे शेवट गिळले जातात आणि उच्चाराचे गुण जातात. तो वेगळा निकष आहे. दुसरा पाठांतराचा. एकही रेघ नाही, आवाज सपाट आणि नजर भिंतीवर, असं झालं तर ऐकणाऱ्याने मध्येच ‘तिथे पावसाळ्यात जातोस का?’ असा प्रश्न इंग्रजीत टाकून पाहावा. सरावात मध्ये तोंड उघडायची मुभा एवढ्यापुरतीच. पाठ केलेलं असेल तर पुढचं वाक्य तिथेच तुटतं. अशा वेळी ते कार्ड बाजूला ठेवा आणि दुसरं घ्या.