घुमटावरून घसरणारा ब्लॉक नेमका कुठं सुटतो? या चुका टाळा

भुसावळला माझ्याकडे बारावीची पोरं येतात, त्यातल्या एकानं परवा वही पुढं केली. "सर, उंची शून्य येऊन राह्यली, म्हणजे ब्लॉक जमिनीपर्यंत चिकटूनच जातो का?" मी म्हटलं, नाही भो, दाखव बरं काय केलं ते.

त्यानं N = mg cosθ लिहिलं होतं. सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात, कारण तिरप्या फळीवर हेच सूत्र पाठ झालेलं असतं. फळीवर ब्लॉक सरळ रेषेत जातो म्हणून तिथं ते चालतं, पण पालथ्या घमेल्यासारख्या अर्धगोलावर रस्ता वळतो आणि वळायला केंद्राकडं बळ लागतं, ते mg च्याच घटकातून जातं, मग नॉर्मलला उरतं कमी. म्हणून

mg cosθ − N = mv²/R

इथं θ उभ्या रेषेपासून मोजायचा. काही जण आडव्यापासून मोजतात आणि तरी cosθ च ठेवतात, मग सगळं गडबडतं.

आता समजा अर्धगोल जमिनीला पक्का बसवलाय, घर्षण नाही, R = 3 मीटर, आणि ब्लॉक वरून नुसता सोडलाय. वेगासाठी v = u + at लावू नका, उतार दर क्षणाला बदलतो म्हणून त्वरण पण बदलतं. ऊर्जेनं काढा. जमिनीपासून उंची h धरली तर ब्लॉक 3 − h खाली आला, म्हणून v² = 2g(3 − h). आणि cosθ = h/3. सुटतो म्हणजे N = 0, तेव्हा gh/3 = v²/3, म्हणजे h = 2(3 − h), h = 2 मीटर. वस्तुमान गेलं, g पण गेलं, कोन साधारण 48.2°.

इथंच दुसरा घोळ. पोरगं 1 मीटर लिहून मोकळं होतं. ती ब्लॉक किती खाली आला ती घट आहे, R/3, जमिनीपासूनची उंची 2R/3. प्रश्नात उंची कुठून विचारलीय ते आधी बघा.

उत्तर तपासायचं असेल तर N = mg(3cosθ − 2) मध्ये 60° टाका, N उणे येतो. म्हणजे पृष्ठभागानं ब्लॉकला ओढून धरायला हवं, आणि गुळगुळीत पृष्ठभाग फक्त ढकलतो, ओढत नाही. म्हणजे तो आधीच सुटलेला असणार.

अजून एक, वरून धक्का दिला असेल तर 2R/3 पाठ केलेलं चालत नाही. तेव्हा cosθ = 2/3 + u²/(3gR). आपल्या 3 मीटरवाल्याला 3 मी/से धक्का दिला, g = 10 धरला, तर 2.3 मीटरवरच सुटतो. धक्का साधारण 5.5 मी/से किंवा जास्त असला की शेंड्यावरूनच उडतो, घसरायचं नावच नाही.