लंगोटाचे पिवळे डाग: बाळ घरी येण्याआधी करायची तयारी

आधी लंगोट मोजा. पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा सहज लागतात. काही धुण्यात, काही दोरीवर असं धरलं तर तीस-पस्तीस तरी घडी करून हाताशी हवेत. जुन्या धोतराचे किंवा मऊ सुती साडीचे पांढरे तुकडे उत्तम. बारशाला हत्ती-ससे छापलेले गोड लंगोट भेट येतात, पण कडक उन्हात डागाबरोबर हत्तीही फिके पडतात. ते उलटे करून वाळत घालायचे.

मग दोन बादल्या बघा. एक घट्ट झाकणाची, थंड पाण्याची. तिच्यात पाणी असेल तेव्हा बाथरूमचं दार बंदच ठेवायचं, घरात रांगणारं दुसरं मूल असेल तर नक्कीच. दुसरी बादली साबणाच्या पाण्याची. साबण साधा, कमी वासाचा. कपडे मऊ करणारं द्रावण आणूच नका, त्याचा थर बसला की लंगोट पाणी शोषत नाही. ब्लीचिंगची पावडरही नको. सूत विरतं आणि खळबळताना थोडी राहिली तर बाळाच्या अंगाला लागते.

रोजचा क्रम सासूबाईंनी मला दाखवला तोच अजून चालवते. शी संडासात झटकायची, उरलेली थंड पाण्याच्या धारेखाली घालवायची, आणि धार मागच्या बाजूने सोडायची, म्हणजे घाण धाग्यांत न शिरता बाहेर ढकलली जाते. घाईत गरम पाणी ओतलं की शीमधली प्रथिनं धाग्याला धरून बसतात, म्हणून गरम पाणी नंतर. थंड पाण्यात अर्धा तास, मग पाच लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा साबण घालून तासभर. आपल्याकडच्या उकाड्यात रात्रभर भिजवलेल्या बादलीला सकाळी वास मारतो. त्यानंतर हाताने चोळून किंवा मशीनमध्ये गरम पाण्यावर धुवायचं आणि फेस जाईपर्यंत खळबळायचं.

एवढं करूनही हळदीसारखा पिवळा डाग राहतोच. लंगोट तेव्हा स्वच्छ झालेला असतो, उरलेला असतो फक्त रंग. हा रंग पित्तातला, बिलिरुबिनचा. मोठ्यांच्या आतड्यातले जंतू त्याचं तपकिरी द्रव्य करतात, पण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात हे काम अजून नीट सुरू झालेलं नसतं, म्हणून शी पिवळीधमक. बिलिरुबिन उजेडात मोडतं. कावीळ झालेल्या बाळाला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात त्यामागेही हाच गुण आहे. (बाळाची कावीळ मात्र घरी उन्हावर सोडायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. शी पांढुरकी, मातीच्या रंगाची होत असेल तरी लगेच दाखवा, कारण पित्त आतड्यात उतरत नसण्याची शक्यता असते.)

आता उन्हाची जागा ठरवा. लंगोट ओला असतानाच डाग भराभर उडतो, कोरडा झाला की काम मंदावतं, ही गोष्ट मला पहिल्या बाळाच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. पिळून कडकडीत वाळवायचे आणि डाग तसाच म्हणून कुरकुरायचे. दुसऱ्या वेळी गॅलरीत पाण्याची फवारणीची बाटली ठेवली. मार्चमधला एक लंगोट आठवतो, तळहाताएवढा डाग. साडेनऊला न पिळता, डाग वर करून स्टँडवर आडवा पसरला. साडेदहापर्यंत कडा विरल्या होत्या, मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. दोनदा पाणी फवारलं. बाराच्या सुमारास उजेडासमोर धरला तेव्हा डाग कुठे होता ते शोधावं लागलं.

पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळासाठी लंगोट दहा-बारा जास्त शिवा. ढगाळ उजेडातही डाग फिका होतो, खिडकीच्या काचेतूनही होतो, पण दोन-तीन दिवस धरा. तोवर तो लंगोट धुऊन वाळवून वापरायला हरकत नाही. ओलसर लंगोट मात्र कपाटात ठेवायचा नाही. त्यावर बुरशीचे काळे ठिपके आले की ते ऊन घालवत नाही.

वरचं खाणं सुरू झालं की शी तपकिरी होते आणि उन्हाचा गुण कमी दिसतो. लोहाच्या थेंबांचा गंजासारखा डाग तर उन्हाला दादच देत नाही. त्यावर लिंबाचा रस अर्धा तास ठेवून भरपूर पाण्याने धुते आणि मगच दोरीवर टाकते. आंबट रस लंगोटात राहिला तर बाळाचं अंग लाल होतं. थेंब पाजताना मात्र गळ्याखाली एक जुनं फडकं धरते, झबल्यावरचे डाग तिथेच वाचतात.