हळू टाइप करणाऱ्याचा 'नमस्कार' आला की या चुका टाळा

माझ्या मामेभावाला सेरेब्रल पाल्सी आहे, तो फोनवर एका बटणाने टाइप करतो. म्हणजे कीबोर्डच्या ओळी एकेक करून उजळतात, हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं उजळतात, परत दाबायचं. 'नमस्कार' म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात कळा, एका कळेला सात सेकंद धरले तरी पाऊण मिनिट गेलं, तेही एकदाही चुकलं नाही तर.

आणि त्याला उत्तर काय येतं? "अरे वा! कसा आहेस? जेवलास? काकू कशा आहेत?" तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला त्याला अर्धा तास लागतो. मी फक्त "नमस्कार दादा, बोल, मी आहे" एवढंच लिहिते आणि थांबते, कारण त्याने नमस्कार केला म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं असतं, विषय त्यालाच काढू दे ना.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते वाक्य पूर्ण करणाऱ्यांमुळे. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' तर त्याच्याही नंतर, त्यामुळे अर्ध्या वाक्यावरून अंदाज केला की थेट उलटा अर्थ निघतो. दादा तुकड्या-तुकड्यात पाठवतो, समोरच्याला कळावं की तो लिहितोय म्हणून. एकदा ग्रुपवर त्याने नमस्कार करून "शनिवारी मला यायला" एवढं पाठवलं, लगेच एका भावाचं "ये ये, गाडी पाठवतो!", मग बाकीच्यांचे अंगठे आणि फुलं. दादा लिहीत होता "जमणार नाही, फिजिओथेरपी आहे". ते पूर्ण होऊन आलं तेव्हा वर पंधरा-वीस मेसेज चढलेले, कोणी वाचलंच नाही, आणि शनिवारी गाडी दारात! वर त्यालाच विचारलं, आधी का नाही सांगितलंस. सांगितलं होतं की!

'टायपिंग' दिसेनासं झालं म्हणून "??" किंवा "आहेस का?" पाठवू नका. दोन अक्षरांत गॅप पडला की ते जातंच, माणूस तिथेच असतो.

"व्हॉइस नोट पाठव ना" हा शॉर्टकट तर नकोच, बोलणंही अवघड असू शकतं.

"सावकाश लिही" एकदा म्हणा, दर मेसेजला नको, तीही घाईच वाटते.

निघायचं असेल तर गायब होऊ नका. मी सरळ लिहिते, "सहाला निघतेय, तू लिहून ठेव, रात्री वाचून उत्तर देते", आणि रात्री खरंच देते. काहींना अंदाज केलेला चालतो, दमल्यावर बरंच वाटतं, पण ते त्यांना आधी विचारा, आणि अंदाज करायचाच तर "जमणार की नाही?" असा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा करा.