सरासरी तीच, चढउतार वेगळा: फाशांपासून गल्ल्यापर्यंतचा हिशेब

एक फासा घ्या. 1 ते 6 हे आकडे सारख्याच शक्यतेने पडतात. प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेने, म्हणजे 1/6 ने गुणून बेरीज केली की 3.5 येते. हे झाले अपेक्षित मूल्य. फाशावर 3.5 कधीच पडणार नाही. पण पुष्कळदा फासा टाकत राहिलात तर सरासरी तिकडेच सरकत जाते.

आता चढउतार मोजू. प्रत्येक आकडा 3.5 पासून किती दूर आहे ते पाहा, त्या अंतराचा वर्ग करा आणि वर्गांची सरासरी काढा. 35/12, म्हणजे साधारण 2.92 मिळते. हे प्रचरण. नुसत्या अंतरांची सरासरी घेतली तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन शून्यच उरते. मग चिन्ह सोडून का देत नाही, वर्गच कशाला? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1918 मध्ये या राशीला नाव दिले तेव्हा त्यांचे कारण व्यवहारी होते: स्वतंत्र कारणांमुळे होणाऱ्या चढउतारांचे वर्ग सरळ बेरजेत मिळवता येतात.

मात्र कारणे स्वतंत्र नसली तर ही बेरीज चुकते. त्यासाठी तीन खेळ करून पाहा:

- दोन वेगळे फासे टाका आणि आकड्यांची बेरीज घ्या.
- एकच फासा टाका आणि आकडा दुप्पट करा.
- एकच फासा टाका आणि वरच्या व तळाच्या आकड्यांची बेरीज घ्या.

तिन्हींचे अपेक्षित मूल्य 7 च आहे. पण पहिल्याचे प्रचरण 5.83, दुसऱ्याचे 11.67 आणि तिसऱ्याचे शून्य, कारण नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज कायम 7 असते. फरक पडतो तो सहप्रचरणामुळे. ते काढायला दोन्ही राशींची आपापल्या सरासरीपासूनची अंतरे चिन्हासकट गुणायची आणि त्या गुणाकारांची सरासरी घ्यायची. दोन्ही एकदमच वर-खाली होत असतील तर उत्तर धन येते, उलट्या दिशेने जात असतील तर ऋण. X आणि Y या दोन राशी, Var म्हणजे प्रचरण आणि Cov म्हणजे सहप्रचरण धरले तर सूत्र एवढेच:

```
Var(X+Y) = Var(X) + Var(Y) + 2 Cov(X,Y)
```

हेच आता गाडीवर लावू. जूनमध्ये भज्यांची गाडी लावली आहे. समजा, पावसाच्या दिवसाची शक्यता 0.4 आणि कोरड्या दिवसाची 0.6. माल वगैरे वजा जाता भज्यांवर पावसात 1500 रुपये सुटतात, कोरड्या दिवशी 500. अपेक्षित नफा 0.4 × 1500 + 0.6 × 500 = 900. सरासरीपासूनची अंतरे +600 आणि −400, म्हणून प्रचरण 0.4 × 3,60,000 + 0.6 × 1,60,000 = 2,40,000. पण हे रुपयांच्या वर्गात आहे, आणि असल्या एककाचा गल्ल्यावर बसलेल्याला काय उपयोग! वर्गमूळ काढा: सुमारे 490 रुपये. यालाच प्रमाण विचलन म्हणतात.

जोडीला काय ठेवावे, चहा की उसाचा रस? चहावर पावसात 900, कोरड्या दिवशी 400 सुटतात. रसावर पावसात 300, कोरड्या दिवशी 800. दोन्हींची सरासरी 600 आणि प्रचरणही दोन्हींचे 60,000. नुसते एवढेच पाहिले तर कोणताही निवडा.

भज्यांबरोबरचे सहप्रचरण मात्र त्यांना वेगळे करते. चहाची अंतरे +300 आणि −200; म्हणून 0.4 × 600 × 300 + 0.6 × (−400) × (−200) = +1,20,000. रसाची अंतरे −300 आणि +200, म्हणून −1,20,000. भजी-चहाच्या जोडीचे प्रचरण 5,40,000 होते, म्हणजे सुमारे 735 रुपयांचा चढउतार. भजी-रसाचे 60,000, म्हणजे सुमारे 245. जागेचे भाडे रोज 1000 असेल तर चहाच्या जोडीत कोरड्या दिवशी 900 च हातात येतात आणि शंभर पदरचे घालावे लागतात. रसाच्या जोडीत कमीत कमी 1300 येतात. सरासरी दोन्हीकडे 1500 च.

खऱ्या वहीत पाऊस आणि कोरडा असे दोनच कप्पे नसतात. बाजार, सुट्टी, सण सगळे मिसळलेले असते. तेव्हा रोजच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरा, प्रचरणासाठी VAR.S आणि सहप्रचरणासाठी COVARIANCE.S वापरा आणि एकूण नफ्याचा वेगळा स्तंभ करून त्याचेही VAR.S काढा. वरच्या सूत्राने आलेला आकडा याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही तर बहुधा कुठेतरी COVARIANCE.P घातलेले असते किंवा एखाद्या सूत्रात निवडलेल्या ओळींची पट्टी एक ओळ खाली सरकलेली असते. आणि सहप्रचरण शून्याजवळ आले म्हणून दोन माल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरू नका. फाशावरचा आकडा आणि त्याचे 3.5 पासूनचे चिन्हाविना अंतर, यांचे सहप्रचरण शून्य येते. पण आकडा कळला की अंतर आपोआप ठरते.