हॉलची क्षमता वेगळी असली तरी आसनव्यवस्था एका सूत्रात

मुंबईतल्या जुन्या शाळांत परीक्षा केंद्र असलं की प्रत्येक हॉलमधली बाकं वेगळी, त्यामुळे हॉलवाटप हाताने करताना हमखास गोंधळ होतो. त्याऐवजी एक्सेलमध्ये A स्तंभात रोल नंबर ठेवा. F मध्ये प्रत्येक हॉलचा फक्त पहिला रोल नंबर चढत्या क्रमाने लिहा आणि G मध्ये हॉलचं नाव. समजा रोल नंबर १००१ पासून सलग आहेत आणि तीन हॉलमध्ये २४, ३० आणि २० जागा आहेत, तर F2 पासून खाली १००१, १०२५, १०५५ येतील. मग B2 मध्ये हॉल, C2 मध्ये आसन:

```
=LOOKUP(A2,F$2:F$5,G$2:G$5)
=A2-LOOKUP(A2,F$2:F$5)+1
```

दोन्ही सूत्रं खाली ओढा. १०३० हा नंबर दुसऱ्या हॉलच्या सहाव्या बाकावर दिसला पाहिजे. हजेरीपत्रकासाठी B वर फिल्टर लावून हॉलनिहाय छापा.

F5 मध्ये १०७५ आणि G5 मध्ये ‘जागा नाही’ लिहायला मात्र विसरू नका. ती ओळ नसेल तर जास्तीचे सगळे उमेदवार गुपचूप शेवटच्या हॉलमध्ये जाऊन बसतात.