पाइप टाकल्यानंतर चराचा भराव: वजाबाकीतल्या या चुका टाळा

चराच्या घनफळातून पाइपचे घनफळ वजा केले की भरावाचे घनफळ मिळते. सूत्र एवढेच असल्यामुळे ते चुकेल असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात वजाबाकी बरोबर केलेली असते, पण वजा करायचा आकडा चुकीचा घेतलेला असतो. अशा तीन चुका एकाच उदाहरणावर तपासून पाहू.

चर ६० मी. लांब, १.३५ मी. रुंद आणि २ मी. खोल असून त्याच्या भिंती उभ्या आहेत असे धरू. त्यात ६०० मिमी अंतर्व्यासाचा आणि ७५ मिमी जाडीच्या भिंतीचा काँक्रीटचा पाइप बसवला आहे. चराचे घनफळ १.३५ × २ × ६० म्हणजे १६२ घनमीटर होते.

पहिली चूक पाइपच्या व्यासात होते. काँक्रीटचा पाइप त्याच्या अंतर्व्यासाने ओळखला जातो, म्हणून नकाशावर ६०० लिहिलेले असते आणि तोच आकडा हिशेबात उतरतो. मात्र माती पाइपच्या पोकळीतही जात नाही आणि त्याच्या भिंतीच्या जागेतही बसत नाही, त्यामुळे वजा करायचे ते बाह्यव्यासाचे घनफळ. येथे बाह्यव्यास ६०० + ७५ + ७५ म्हणजे ७५० मिमी आहे. त्याचा छेद π ÷ ४ × ०.७५² म्हणजे ०.४४२ चौ. मी. येतो आणि ६० मीटरचे घनफळ २६.५ घनमीटर होते. अंतर्व्यास घेतला तर हेच घनफळ १७ घनमीटर दिसते आणि भराव साडेनऊ घनमीटरने जास्त निघतो. आकड्याचा अर्थ पाइपच्या प्रकारानुसार बदलतो, हे येथे विशेष लक्षात ठेवावे. ११० मिमीचा पॉलिएथिलीन पाइप बाहेरूनच ११० मिमी असतो, तर ३०० या नावाने मिळणाऱ्या डक्टाइल आयर्न पाइपचा बाह्यव्यास ३२६ मिमी असतो. पन्हळी पाइप तर काही अंतर्व्यासाने आणि काही बाह्यव्यासाने विकले जातात. म्हणून नावावरून अंदाज न करता पाइपच्या नळीला बाहेरून टेप गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. शंका उरत नाही.

त्रिज्येच्या जागी व्यास घालणे ही चूक मोठी असली तरी लगेच पकडता येते. वर्तुळाचा छेद त्याच व्यासाच्या बाजूच्या चौरसाच्या साधारण ७८ टक्के असतो. येथे चौरस ०.५६ चौ. मी. आहे, उत्तर त्याहून मोठे आले तर सूत्रात व्यास त्रिज्या म्हणून गेला आहे.

दुसरी चूक बेडिंगची, म्हणजे पाइपला आधार देणाऱ्या थराची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत फसवी आहे, कारण ती काळजीपूर्वक हिशेब करणाऱ्यांकडूनच होते. समजा, पाइपखाली १५० मिमी बारीक खडी आहे आणि तीच खडी पाइपच्या मध्यापर्यंत, म्हणजे आणखी ३७५ मिमी, दोन्ही बाजूंनी भरायची आहे. खडीच्या थराची एकूण उंची ०.५२५ मी. झाली आणि १.३५ × ०.५२५ × ६० म्हणजे ४२.५ घनमीटर आले. आता १६२ मधून पाइपचे २६.५ आणि थराचे ४२.५ वजा केले की ९३ उरतात, आणि वजाबाकी निर्दोष वाटते. पण पाइपचा खालचा अर्धा भाग त्या ४२.५ च्या आतच बसलेला आहे. तो एकदा पाइप म्हणून आणि एकदा थर म्हणून असा दोनदा वजा झाला. थरातून अर्ध्या पाइपचे १३.२५ घनमीटर काढल्यावर प्रत्यक्ष खडी २९.३ घनमीटर लागते आणि वरचा मातीचा भराव १६२ − २६.५ − २९.३ म्हणजे सुमारे १०६.२ घनमीटर येतो. पडताळणी सोपी आहे: पाइप, खडी आणि माती यांची बेरीज पुन्हा १६२ झालीच पाहिजे. चुकीच्या हिशेबात खडी २९.३ धरली तर बेरीज १३ घनमीटरने कमी पडते, आणि ४२.५ धरली तर ती जुळते पण खडी तेवढीच जास्त मागवली जाते. म्हणून केवळ बेरजेवर न थांबता थराच्या छेदाचे चित्र काढून पाइपचा कोणता भाग कोणत्या थरात आहे ते पाहावे.

चराच्या भिंती तिरक्या असतील तर १६२ हा मूळ आकडाच खरा राहत नाही. वरची रुंदी प्रत्येक बाजूला केवळ ३० सेंमीने वाढली तरी सरासरी रुंदी १.६५ मी. आणि घनफळ १९८ घनमीटर होते. हा ३६ घनमीटरचा फरक संपूर्ण पाइपच्या घनफळाहून मोठा आहे, म्हणून पाइपचा तिसरा दशांश मोजण्याआधी चराची तळाची आणि वरची रुंदी जागेवर मोजणे जास्त महत्त्वाचे.

तिसरी चूक घनमीटर कोणता हे न विचारण्याची आहे. १०६.२ घनमीटर ही दबाई झालेल्या मातीची जागा आहे. खोदून काढलेली माती सैल होऊन फुगते आणि दाबल्यावर सहसा मूळ जागेपेक्षाही घट्ट बसते. समजा, एका मातीसाठी फुगणे २५ टक्के आहे आणि दबाईनंतर मूळ घनफळाच्या ९० टक्के जागा व्यापली जाते. हे प्रमाण मातीनुसार बदलते आणि ते चाचणीने ठरवावे. मग १०६.२ घनमीटर भरावासाठी मूळ स्थितीतली ११८ घनमीटर माती लागेल, आणि सैल ढिगात ती १४७.५ घनमीटर भरेल. खोदलेल्या १६२ पैकी ४४ घनमीटर उरतात. वाहनात भरताना ती ५५ घनमीटर होतात. ‘पाइपने जेवढी जागा घेतली तेवढीच माती उरेल’ असे धरून २६.५ घनमीटरची वाहतूक ठरवणाऱ्याला येथे दुपटीहून अधिक फेऱ्या कराव्या लागतात.

माती बाहेरून आणायची असेल तर हीच चूक उलट्या दिशेने भोवते. १०६ घनमीटर सैल माती मागवून ती थरांत न दाबता ओतली तर चर काठोकाठ भरलेला दिसतो आणि हिशेब जुळला असे वाटते. पाणी मुरल्यावर मात्र ती बसते आणि चरावर लांबट खळगा पडतो.

भराव करतानाच माती कमी पडली तर तुटीच्या उंचीवरून कारण शोधता येते. कमी पडलेले घनफळ चराच्या ६० × १.३५ म्हणजे ८१ चौ. मी. क्षेत्रफळाने भागावे. अर्धा पाइप दोनदा वजा झाला असेल तर भराव चराच्या काठापासून सुमारे १६ सेंमी खाली थांबतो. सैल आणि दाबलेल्या मातीची गल्लत झाली असेल, तर दबाई नीट करूनही तूट सुमारे ३७ सेंमी येते, कारण १०६.२ घनमीटर सैल माती दाबल्यावर साडेशहात्तरच भरते. याउलट ठरल्याप्रमाणे थर दाबूनही साडेनऊ घनमीटर दाबलेल्या भरावाइतकी माती शिल्लक राहिली, तर पाइपचा अंतर्व्यास हिशेबात गेला आहे का ते आधी पाहावे.